सात सत्ते एकोणपन्नास : दहावीच्या गणित शिक्षकांना खुले पत्र

सातारा जिल्ह्यात दहावीला गणित शिकवणाऱ्या सर्व शिक्षक-शिक्षिकांना,

सप्रेम नमस्कार.

जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्या पंधरवड्यातच वर्गात एक गोष्ट ठरून जाते. प्रश्न कुणाला विचारायचे, ही. ती कुणी मुद्दाम ठरवत नाही. मधल्या रांगेतले, पहिल्या दोन-तीन बाकांवरचे सहा-सात जण हात वर करतात, आपण त्यांना विचारतो, उत्तर बरोबर येतं, पोर्शन पुढे सरकतो. मागच्या चाळीस जणांना डिसेंबरपर्यंत कळून चुकलेलं असतं की गणिताचा तास हा त्या सहा-सात जणांचा आणि बाईंचा खासगी मामला आहे. मी तेहतीस वर्षं हा विषय शिकवून निवृत्त झाले. या प्रकाराबद्दल स्टाफरूममध्ये हळहळताना पुष्कळ जणांना ऐकलं, त्यावर उपाय करताना फार थोड्यांना पाहिलं.

उपाय अगदी साधा आहे आणि तो आपल्याच विषयातला आहे. त्यावर लेख लिहिला तर तुम्ही तो वाचणार नाही, म्हणून गोष्ट लिहिते. गोष्ट रचलेली आहे. शाळा, बाई, मुलगी, कुणालाही शोधत बसू नका. आकडेमोड मात्र जरूर पडताळून पाहा.

मुलीचं नाव मुक्ता ठेवू. घर करंज्यात, वडील एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक, शाळा राजवाड्याजवळ. दहावीच्या तिच्या तुकडीचा पट ४८ आणि हिचा हजेरीचा नंबर ३४. अभ्यासात बरी होती, पण नाव पुकारलं की घसा बंद. नववीत एकदा उत्तर येत असून उभी राहिली ती तशीच उभी राहिली आणि वर्ग हसला. तेव्हापासून गणिताच्या तासाला तिचं अर्धं लक्ष फळ्यावर आणि अर्धं बाईंच्या तोंडाकडे असायचं, आता कुणाचं नाव निघतंय म्हणून.

भित्री मुलं फार चांगली निरीक्षक असतात. त्यांना ते परवडत नाही असं वाटतं, पण खरं म्हणजे त्यांना दुसरं काही परवडतच नाही. मुक्ताने पहिल्यांदा टिपलं ते हे, की दहावीच्या या बाई आधी नाव घेत नाहीत. आधी प्रश्न विचारतात. मग फळ्याचा कोपरा पुसतात, नाहीतर खिडकीतून अजिंक्यताऱ्याकडे एकदा बघतात, आणि मग नाव घेतात. त्या मधल्या वेळात अठ्ठेचाळीस जणांना वाटत असतं की आपल्यालाच विचारलंय. आपल्याकडची सवय उलटी आहे. ‘अमुक, तू सांग,’ असं म्हणून प्रश्न विचारला की उरलेले सगळे त्या क्षणी सुटतात. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या दशकात वर्गांतली ध्वनिमुद्रणं ऐकून मोजलं होतं : प्रश्न विचारल्यावर शिक्षक साधारण एकच सेकंद थांबतात. ते तीन सेकंद थांबले, तर मुलांची उत्तरं लांबतात आणि गप्प बसणाऱ्यांची संख्या कमी होते. तीन सेकंद ऐकायला काहीच नाहीत. उद्या वर्गात थांबून बघा, केवढे वाटतात ते.

दुसरी गोष्ट तिला आपोआप कळली नाही, ती तिने खणून काढली. कुणाला विचारतात हे कळलं तर आपली पाळी कधी ते कळेल, या एका आशेने तिने वहीच्या शेवटच्या पानावर नंबर लिहायला सुरुवात केली. बाई एका तासाला असे सहा प्रश्न विचारायच्या. पहिल्या दिवशी आले ३, १०, १७, २४, ३१, ३८.

रात्री पान उघडलं तर दिसलंच. दर वेळी सातची उडी. वर्गात तेव्हा नेमकी अंकगणिती श्रेढी चालू होती, त्यामुळे डोळे तयार होते. दुसऱ्या दिवशी पहिलं नाव ४५ नंबरचं निघालं आणि तिच्या पोटात गोळा आला, कारण म्हणजे ते खरंच होतं. पण पुढचं नाव निघालं ४ नंबरच्या मुलाचं. पंचेचाळीसनंतर चार? मग ११, १८, २५, ३२. उडी पुन्हा सातचीच, पण मध्येच काहीतरी निसटलं होतं. ते तिला घरी भांडी घासताना सुचलं. पंचेचाळीस आणि सात बावन्न. वर्गात बावन्न मुलं नाहीतच. अठ्ठेचाळीस संपले की पुन्हा एकपासून मोजायचं, म्हणून बावन्नातून अठ्ठेचाळीस गेले, राहिले चार.

तिसऱ्या दिवशी सगळं मोडलं. ३९, ४६, ५, १२ असं नीट आलं आणि बारानंतर एकदम २६. मग ३३. म्हणजे सात वगैरे काही नव्हतंच, आपल्यालाच भास झाला, असं वाटून ती खट्टू झाली. (आकृतिबंध शोधणारा माणूस इथेच हात टेकतो. एक खाडा पडला की अख्खा नियम टाकून देतो.) चौथ्या दिवशी तासाचा पहिलाच प्रश्न १९ नंबरला गेला आणि मग ४०, ४७, ६, १३, २०. एकोणीस नंबरचा मुलगा आदल्या दिवशी तापाने आला नव्हता. बाईंनी त्याला वगळलं नव्हतं, बाकी ठेवलं होतं.

आता हिशेब सोपा होता. वीसनंतर २७, त्यानंतर ३४. उद्या, दुसरा प्रश्न.

त्या रात्री तिने श्रेढीची सगळी उदाहरणं पुन्हा सोडवली. प्रश्न काय येणार हे तिला माहीत नव्हतं, कधी येणार एवढंच माहीत होतं, आणि भित्र्या माणसाला तेवढं पुष्कळ होतं. दुसऱ्या दिवशी बाईंनी विचारलं, “पहिलं पद चार, फरक तीन, दहावं पद किती?” मग डस्टर उचललं, ठेवलं. “मुक्ता.”

ती उभी राहिली. नऊ गुणिले तीन सत्तावीस आणि चार एकतीस, हे तिला नाव निघायच्या आधीच आलं होतं, पण घसा नेहमीसारखा बंद. बाई थांबल्या. ‘बस खाली’ म्हणाल्या नाहीत आणि दुसऱ्या कुणाकडे वळल्याही नाहीत. शेवटी ती कुजबुजली, “एकतीस.” बाई म्हणाल्या, “कसं काढलंस?” हा दुसरा प्रश्न तिच्या हिशेबात नव्हता. पण तोवर आवाज फुटलेला होता.

गोष्ट जरा थांबवते, कारण तुमच्यापैकी काहींना वाटत असेल की एवढा खटाटोप कशाला, चिठ्ठ्या टाकाव्यात. डब्यातून चिठ्ठी काढायची, नंबर विचारायचा, चिठ्ठी परत डब्यात. दिसायला हे सगळ्यात न्याय्य. आता आपल्याच संभाव्यतेच्या धड्याने तपासू. एका प्रश्नात मुक्ताची चिठ्ठी न निघण्याची संभाव्यता ४७/४८. अठ्ठेचाळीस प्रश्नांत एकदाही न निघण्याची म्हणजे या अपूर्णांकाचा अठ्ठेचाळिसावा घात, तो येतो सुमारे ०.३६. म्हणजे आठ दिवसांत अठ्ठेचाळीस प्रश्न विचारूनही सरासरी सतरा-अठरा मुलांना एकही प्रश्न गेलेला नसतो, आणि काहींना दोन-तीनदा गेलेला असतो. ज्याला तीनदा विचारलं जातं त्याच्या घरी काय बोलतात ते मी सांगायला नको. चिठ्ठी परत न टाकता बाजूला ठेवली तर सगळ्यांची पाळी येते हे खरं, पण डबा सांभाळत चार तुकड्यांवर फिरणारा शिक्षक मला दाखवा.

सातच्या उडीला डबा लागत नाही. बाई कॅटलॉगच्या कोपऱ्यात पेन्सिलीने शेवटचा नंबर लिहून ठेवायच्या, एवढंच. तीनपासून निघालेली पहिली फेरी पंचेचाळीसला संपते, पुढची चारपासून सुरू होते, मग पाच, सहा, सात, एक, दोन. सात सत्ते एकोणपन्नास, म्हणजे पटाहून एकच जास्त. म्हणून दर फेरीत सुरुवात एका नंबराने पुढे सरकते आणि अठ्ठेचाळीस उड्यांत प्रत्येकाला बरोबर एक प्रश्न मिळतो. उडी सहाची घेतली असती तर? ३, ९, १५ करत ४५ आणि पुन्हा ३. आठ मुलांचीच ये-जा. सात आणि अठ्ठेचाळीस यांचा मसावि एक आहे, सहा आणि अठ्ठेचाळीस यांचा सहा. उडी आणि पट सहमूळ असतील तरच सगळा वर्ग फिरून होतो. खालच्या इयत्तेत शिकवलेली ही व्याख्या नंतर मुलांच्या कुठे उपयोगी पडली, असं आपल्याला कुणी विचारत नाही म्हणून बरं.

मुक्ताने हे वडिलांना सांगितलं, नंबरांच्या रूपात नाही, नुसतं ‘बाबा, सात आणि अठ्ठेचाळीस’ असं. ते म्हणाले, “गिअरचे दात असेच ठेवतात की. दोन्ही चाकांच्या दातांना एकाच आकड्याने भाग गेला, तर ठरावीक दात ठरावीक दातांवरच घासत राहतात, तेवढेच झिजतात. असा भाग न जाणारे ठेवले की प्रत्येक दात प्रत्येकाला भेटतो, झीज वाटली जाते.” तिला ते पटलं आणि ती विसरून गेली. ऑगस्टपर्यंत.

ऑगस्टमध्ये सांगलीहून एक मुलगी दाखला घेऊन आली. वडिलांची बदली. कॅटलॉगमध्ये शेवटी तिचं नाव चढलं आणि पट झाला ४९. त्याच दिवशी नवी फेरी सुरू झाली : ३, १०, १७, २४, ३१, ३८. दुसऱ्या दिवशी ४५. आणि मग, मुक्ताच्या अपेक्षेप्रमाणे चार नाही, तर ३. बाई चुकल्या असं वाटून तिने वर पाहिलं, पण बाई पुढे १०, १७ करत चालल्या होत्या. तेव्हा तिने बावन्नातून एकोणपन्नास वजा केले.

इथून पुढे याच सात जणांना विचारलं जाणार होतं. सातने भागल्यावर बाकी तीन उरते अशी सात मुलं, आणि बेचाळीस जण मोकळे. चौतीसला सातने भागलं तर बाकी सहा. तिचा नंबर आता येणारच नव्हता. मार्चपर्यंत नाही.

तिला काय वाटलं असेल, ते प्रामाणिकपणे सांगायचं तर सुटका. दोन दिवस तिने गणिताची वही घरी उघडली नाही. त्याआधीही, आपला प्रश्न होऊन गेला की पुढचे सात दिवस ती निवांत असायची. या पद्धतीतलं भोक तिला बाईंच्या आधी सापडलेलं होतं.

पण तिच्या शेजारी बसणारीचा नंबर ३१. तिला पहिल्या दिवशी विचारलं, दुसऱ्या दिवशी विचारलं, एक दिवस सुटली आणि चौथ्या दिवशी तासाचा पहिलाच प्रश्न पुन्हा तिला. मधल्या सुट्टीत ती डबा न उघडता बसली. “बाईंनी माझ्यावर डोळाच ठेवलाय गं. मी काय वाकडं केलंय त्यांचं? उद्या आई येणारे शाळेत, सरळ मुख्याध्यापकांकडे.”

मुक्ता सुट्टी संपायच्या आत स्टाफरूमच्या दाराशी गेली. बाईंसमोर तीन-चार कॅटलॉग पडले होते.

“बाई, पट एकोणपन्नास झालाय.”

“हो, नवीन मुलगी आली ना. मग?”

“सात सत्ते एकोणपन्नास, बाई.”

बाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग दहावीचं कॅटलॉग ओढलं, पेन्सिलीचा आकडा बघितला, आणि कपाळावर हात मारला. “अगं देवा! तरीच मला वाटत होतं, हीच हीच तोंडं का दिसतायत.” मग एकदम, “तू कधीपासून मोजतेस?”

“श्रेढी चालू होती तेव्हापासून.”

“म्हणजे तुझी पाळी येणार नव्हती हे तुला कळलं होतं.”

मुक्ता काही बोलली नाही.

“मग सांगायला का आलीस?”

“एकतीस नंबरची आई उद्या येणारे, बाई.”

बाई हसल्या नाहीत. पेन्सिल तिच्यापुढे धरली. “बरं. आता सातच्या जागी काय घेऊ?”

“पाच चालेल. एकोणपन्नासला एक सोडून फक्त सात आणि एकोणपन्नासने भाग जातो. सातच्या पाढ्यातलं सोडून काहीही चालेल.”

“आणि पाच घेतले की तू दोन दिवसांत ओळखणार, तुझा प्रश्न झाला की वही मिटून ठेवणार. हो ना?”

यावर तिच्याकडे उत्तर होतं, पण ते द्यायला ती जरा थांबली. साधारण तीन सेकंद. “सगळ्यांचा एकेक प्रश्न झाला की उडी बदला, बाई. म्हणजे आज ज्याला विचारलं त्याला उद्याही विचारलं जाऊ शकेल. मग मलाही कळणार नाही.”

घंटा झाली. बाईंनी कॅटलॉग मिटलं आणि काय घेणार ते तिला सांगितलं नाही.

गोष्ट एवढीच. आता तुमच्याशी दोन शब्द, कारण या मुलीच्या शेजारणीसारख्या मुली आणि त्यांच्या आया आपल्या सगळ्यांच्या परिचयाच्या आहेत. वर्गात कुणाला विचारायचं याला नियम नसला की मुलं स्वतः नियम तयार करतात : ‘बाईंना मी आवडत नाही’, ‘सर फक्त हुशारांना विचारतात’. नियम असून बिघडला तरी तेच होतं. बिघाड ओळखायची खूण सोपी आहे. आठवड्याभरात तीच नावं दुसऱ्यांदा तोंडात आली आणि काही नावं एकदाही आली नाहीत, की पट आणि उडी यांचा मसावि काढून बघा. बहुधा पट बदललेला असतो. कुणी दाखला नेलेला असतो, कुणी आलेला असतो, किंवा शिक्षक रजेवर आहेत म्हणून दोन तुकड्या एकत्र बसवलेल्या असतात. बत्तीस आणि एकतीसच्या तुकड्या एकत्र आल्या तर पट ६३, आणि तिथे सातची उडी पुन्हा नऊ जणांतच अडकते.

या पद्धतीने एक काम होत नाही, तेही सांगते. ती फक्त कुणाला विचारायचं ते ठरवते. कोणता प्रश्न कुणाच्या वाट्याला येईल ते नाही. कच्च्या मुलाच्या वाट्याला वर्गसमीकरणाचं शाब्दिक उदाहरण येऊ शकतं, आणि तो गप्प उभा राहिला तर पुढचं आपल्यावर असतं. ‘येत नाही’ हे उत्तर चालतं, पण ते शेवटचं उत्तर नसावं. ‘यातलं काय दिलंय तेवढं सांग’, ‘काय काढायचंय ते सांग’, एवढ्यावर तो बसला तरी त्याची पाळी झाली असं धरा. आणि प्रश्न नावाआधी. नाव आधी घेतलंत तर सातची उडी घ्या नाहीतर सत्तराची, उरलेला वर्ग झोपलेलाच राहील.

जूनच्या पालकसभेत हे पालकांना सांगून टाकायला हरकत नाही, की आमच्या वर्गात प्रत्येकाला ठरावीक दिवसांत एक प्रश्न येतो, कुणी सुटत नाही, आणि गैरहजर राहिलेल्याचा प्रश्न बाकी राहतो. उडी किती ते मात्र सांगू नका. ती एखाद्या मुलीला वहीच्या शेवटच्या पानावर सापडली, तर सापडू द्या.

आपली,
एक निवृत्त गणित शिक्षिका,
सातारा